दोन प्रणालींमधील दुवा आणि त्याची कसोटी : पंजाब नॅशनल बँक प्रकरण (2018) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय बँकिंगच्या अलीकडील इतिहासात 2018 हे वर्ष मुंबईच्या फोर्ट भागातील ब्रॅडी हाऊस शाखेच्या नावाने ओळखले जाते. पंजाब नॅशनल बँकेच्या या शाखेतून निघालेल्या हमीपत्रांच्या घोटाळ्याची चर्चा प्रामुख्याने व्यक्ती आणि रकमा यांच्या अंगाने झाली. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने मात्र त्यातून वेगळा प्रश्न पुढे येतो. संगणक-प्रणालीत अंगभूत असलेली नियंत्रणे तपासताना तपासणीचा आरंभ कोणत्या टोकापासून करावा, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत निबंधात या एकाच प्रश्नाचा विचार केला आहे.

घटनेचा क्रम

16 जानेवारी 2018 रोजी हिरे व्यवसायातील काही संस्थांनी शाखेकडे आयातीची कागदपत्रे सादर करून परदेशी पुरवठादारांची देणी भागविण्यासाठी लेटर ऑफ अंडरटेकिंग, म्हणजे बँकेचे हमीपत्र, मागितले. अशा हमीपत्राच्या आधारे परदेशातील दुसरी बँक आयातदाराला अल्पमुदतीचे कर्ज देते. शाखेने शंभर टक्के रोख तारण मागितले, तेव्हा पूर्वी तारणाशिवाय ही सोय मिळत होती असे त्या संस्थांनी सांगितले. शाखेच्या दप्तरात अशा व्यवहारांचा मागमूस नव्हता. 29 जानेवारी रोजी बँकेने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तक्रार केली. तीत 8 हमीपत्रे आणि सुमारे 280 कोटी रुपयांचा उल्लेख होता. 14 फेब्रुवारी रोजी बँकेने जाहीर केलेला आकडा सुमारे 11,400 कोटी रुपयांचा होता आणि पुढे तो 13,000 कोटींच्या वर गेला. व्यक्तींच्या दोषाचा निवाडा हा न्यायालयाचा विषय असून येथे केवळ प्रणालींचा विचार अभिप्रेत आहे.

शाखेत दोन प्रणाली होत्या. खाती, मर्यादा आणि देणी यांच्या नोंदी कोअर बँकिंग प्रणालीत, म्हणजे सीबीएसमध्ये होत. परदेशी बँकांना संदेश पाठविण्यासाठी स्विफ्ट ही स्वतंत्र प्रणाली होती. या दोहोंना जोडणारा स्वयंचलित दुवा नव्हता. एकाच व्यवहाराची नोंद दोन्हीकडे माणसाने करावयाची होती. स्विफ्टमधून संदेश गेला आणि सीबीएसमध्ये नोंद झालीच नाही, तर परदेशी बँकेच्या दृष्टीने हमी खरी होती, मात्र बँकेच्या पुस्तकात ती अस्तित्वातच नव्हती. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे हमीपत्र दिले जाई, त्यामुळे परतफेड थकल्याची हाकही दीर्घकाळ उठली नाही.

तीन नियंत्रणांचा विचार

पहिले नियंत्रण म्हणजे भरलेल्या माहितीची वैधता तपासणे. स्विफ्ट प्रणाली संदेशाची रचना तपासते. आवश्यक रकाने भरले आहेत काय, तारीख व चलनाचे संकेत योग्य आहेत काय, हे ती पाहते. परंतु एमटी 799 सारख्या मुक्त मजकुराच्या संदेशात लिहिलेली मुदत नियमात बसते किंवा नाही, हे तिला कळत नाही. हिऱ्यांच्या आयातीसाठी रिझर्व्ह बँकेने अशा कर्जाला 90 दिवसांची मर्यादा घातली होती, तर प्रत्यक्षात वर्षभराच्या मुदतीची हमीपत्रे दिली गेल्याचे पुढे आले. म्हणून या नियंत्रणाची कसोटी घेताना योग्य नोंद स्वीकारली जाते एवढे पाहून भागत नाही. 91 दिवसांची नोंद मुद्दाम भरून ती नाकारली जाते काय, हे पाहावे लागते.

दुसरे नियंत्रण त्रिमार्गी जुळणीचे. कारखान्याच्या खरेदी विभागात खरेदी आदेश, माल पोहोचल्याची पावती आणि पुरवठादाराचे बीजक या तिन्हींतील नग व दर जुळल्याखेरीज प्रणाली देयक मंजूर करीत नाही. बँकेत त्याला समांतर असे तीन कागद होते : मंजूर मर्यादा, सीबीएसमधील देण्याची नोंद आणि स्विफ्टचा संदेश. येथे मर्म लक्षात घ्यावे लागते. जुळणी एखाद्या कागदापाशी येऊन अडते ती तो कागद प्रणालीत आल्यावरच. बीजक प्रणालीत न आणता पैसे बाहेर जाण्याची वाट असेल, तर जुळणी कितीही अचूक असली तरी तिला काम उरत नाही.

तिसरे नियंत्रण, म्हणजे दुव्याची पूर्णता, येथेच निर्णायक ठरते. एका प्रणालीतून निघालेली प्रत्येक नोंद दुसरीत पोहोचली, एकदाच पोहोचली आणि रक्कम न बदलता पोहोचली, हे त्यात सिद्ध करावे लागते.

कसोटीची दिशा

एका काल्पनिक दिवसाचे उदाहरण घेऊ. सीबीएसमध्ये परदेशी हमीच्या 37 नोंदी आहेत. लेखापरीक्षकाने त्यांतील 10 निवडून प्रत्येकीचा स्विफ्ट संदेश मागितला, तर दहाही संदेश मिळतील आणि नियंत्रण समाधानकारक असल्याचा शेरा पडेल. आता उलट बाजूने जावे. स्विफ्टमधून त्या दिवशी पाठविलेल्या आणि पोच मिळालेल्या संदेशांची संपूर्ण यादी, शाखेकडून न घेता, थेट प्रणालीतून काढावी. संदेशांचे अनुक्रमांक सलग आहेत काय, हे आधी पाहावे, म्हणजे यादीच अपुरी असल्यास ते कळेल. यादीत 40 संदेश निघाले. संदर्भ क्रमांक, चलन व रक्कम यांनुसार जुळवणी केल्यावर 3 संदेशांना सीबीएसमध्ये जोडीदार सापडत नाही. पहिल्या तपासणीत हे तीन संदेश कधीच हाती लागले नसते, कारण जी नोंद झालीच नाही ती नोंदींच्या यादीतून निवडता येत नाही.

केवळ संख्या जुळली म्हणूनही निश्चिंत होता येत नाही. एक संदेश गहाळ आणि दुसरा दोनदा नोंदलेला असेल, तर संख्या सारखीच दिसते. यासाठी चलनवार रकमांची बेरीज आणि खाते क्रमांकांची बेरीज अशा दोन नियंत्रण-बेरजा घ्याव्या लागतात. खाते क्रमांकांच्या बेरजेला स्वतःचा अर्थ नसतो, परंतु एका खात्याच्या जागी दुसऱ्याच खात्याची नोंद झाल्यास ती बदलते. छिद्रांकित कार्डांच्या काळापासून ही पद्धत रूढ आहे.

उपाय आणि त्याच्या मर्यादा

ऑगस्ट 2016 पासून किमान तीन वेळा आपण बँकांना अशा गैरवापराबाबत गोपनीयपणे सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने 20 फेब्रुवारी 2018 रोजी जाहीर केले. दोन्ही प्रणालींची थेट जोडणी करण्यासाठी 30 एप्रिल 2018 ही मुदत देण्यात आली. 13 मार्च 2018 रोजी हमीपत्रांची ही पद्धतच बंद करण्यात आली. स्विफ्टविषयक नियंत्रणांच्या निर्देशांचे पालन वेळेत न केल्याबद्दल मार्च 2019 मध्ये 36 बँकांना एकूण 71 कोटी रुपयांचा दंड झाला.

जोडणी झाल्यानंतर सीबीएसमध्ये नोंद झाल्याशिवाय संदेश तयार होऊ नये, अशी अपेक्षा असते. तथापि दुवा बसविला म्हणजे जुनी वाट बंद झाली, असे गृहीत धरता येत नाही. स्विफ्टच्या पडद्यावर हाताने संदेश तयार करण्याचा अधिकार कोणाकडे शिल्लक आहे, तोच मनुष्य त्याला मंजुरीही देऊ शकतो काय, आणि नाकारलेल्या संदेशांची यादी रोज कोण पाहतो, हे तपासावे लागते. स्वयंचलित नियंत्रण एकदा तपासून पुरते, असे मानले जाते. हे मत ग्राह्य धरावयाचे तर तपासणीनंतर प्रणालीत अनधिकृत बदल झालेला नाही, हेही स्वतंत्रपणे सिद्ध व्हावे लागते.

समारोप

ब्रॅडी हाऊस शाखेच्या प्रकरणात सीबीएसमधील नोंदी परस्परांशी विसंगत नव्हत्या. त्या अपुऱ्या होत्या, आणि हा अपुरेपणा त्याच नोंदी वाचून दिसण्यासारखा नव्हता. ज्या प्रणालीतून बँकेची बांधिलकी प्रत्यक्ष बाहेर जाते, तेथून आरंभ करून पुस्तकाकडे येणे, हाच या तपासणीचा योग्य क्रम ठरतो.