उतारा संपला की

मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कार्बापेनेम गटाची, म्हणजे अगदी शेवटी राखून ठेवलेली औषधं ज्यांच्यावर चालेनात, अशा २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये त्यांना एनडीएम-१ हे जनुक सापडलं. हे जनुक बहुधा प्लाझ्मिडवर असतं, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर. असं कडं पोसायला जिवाणूला खर्च येतो. मग औषध थांबल्यावरही ते टिकून का राहतं? याची कारणं बरीच आहेत. त्यातलं एक असं, की अनेक प्लाझ्मिडं गमावणाऱ्याला जगू देत नाहीत.

याचा माग १९८३ मध्ये जपानच्या तेरू ओगुरा आणि सोता हिरागा यांना लागला. ई. कोलायमधल्या एफ प्लाझ्मिडचं एक आटोपशीर रूप त्यांनी घेतलं. तापमान वाढवलं की त्याच्या नव्या प्रती बनणं थांबे. पेशी मात्र विभागत राहिल्या आणि असलेल्या प्रती त्यांच्यात वाटल्या गेल्या. पेशीमागे साधारण एक प्रत उरली, तेव्हा जिवंत पेशींची संख्या वाढायची थांबली. प्लाझ्मिडवरचा सीसीडी हा भाग काढून टाकला, तर प्लाझ्मिडविना पेशी बिनधास्त वाढल्या. त्यांनी अर्थ लावला, की प्रती पुरेशा होईपर्यंत हा भाग विभाजन रोखून धरतो. अर्थ तर्काला धरून होता, पण १९८५ मध्ये जाफे यांच्यासोबत त्यांनीच तो बदलला. विभाजन होतं, फक्त रिकामी राहिलेली पेशी आणखी थोडी विभागते, मग दोऱ्यासारखी लांब होते आणि मरते.

मारेकरी सीसीडीबी हे प्रथिन आहे. डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी जायरेज हे विकर त्याचे धागे कापतं आणि पुन्हा जोडतं. सीसीडीबी त्याला कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवतं. सीसीडीए हा त्याचा उतारा. तो विषाला चिकटून त्याला निकामी करतो, पण पेशीतलं लॉन नावाचं विकर त्याला सतत तोडत असतं, म्हणून नवा उतारा बनत राहावा लागतो. प्लाझ्मिड न मिळालेल्या लेकीला आईच्या पेशीरसातून विष आणि उतारा दोन्ही मिळतात. मिळत नाही ते बनवण्याचं जनुक. उतारा आधी संपतो, टिकाऊ विष मागे राहतं.

म्हणजे ही जोडी प्लाझ्मिड हरवणं थांबवत नाही. प्रती दोन्ही लेकींना नीट वाटण्याचं काम एफमध्ये सॉप ही वेगळी यंत्रणा करते. वाटप चुकलं, तरच विषाची पाळी येते.

तेही प्रत्येक वेळी लागू पडत नाही. जायरेजमधलं एकच अमिनो आम्ल बदललं, तर सीसीडीबीची पकड बसत नाही. प्रयोगशाळांनी नेमका हाच बदल कामाला लावला आहे. सीसीडीबीचं जनुक असलेली वाहक प्लाझ्मिडं अशा प्रतिकारक पेशींत वाढवतात. मग हवं ते जनुक सीसीडीबीच्या जागी बसवून ती साध्या ई. कोलायमध्ये घालतात. जिथे अदलाबदल झालीच नाही ती पेशी मरते, आणि बशीवर उगवतात त्या बहुतेक वसाहती कामाच्या निघतात.