‘मेगाब्लॉक’ शब्दकोशात कसा पोहोचतो?

प्रतिनिधी, मुंबई

माटुंगा ते मुलुंड मार्गावर मेगाब्लॉक असल्याची उद्घोषणा घाटकोपर किंवा मुलुंडच्या फलाटावर रविवारी ऐकू आली, तर तिचा अर्थ कोणीही विचारत नाही. देखभालीच्या कामासाठी लोहमार्ग काही तास वाहतुकीस बंद राहणार, गाड्या दुसऱ्या मार्गावरून धावणार आणि गर्दी वाढणार, हे प्रवाशाला ठाऊक असते. शब्द असा रुळला, तरी तेवढ्याने तो कोशात नोंदवण्यास पात्र ठरतो का? कोशकाराचे काम या प्रश्नापासून सुरू होते. एखादा शब्द त्याला आवडतो की नाही, यावर निर्णय होत नाही. शब्द किती वेळा, किती ठिकाणी आणि किती काळ वापरला गेला, याचा लेखी पुरावा त्याला लागतो.

चिठ्ठीपासून संगणकापर्यंत

पुराव्याची ही पद्धत जुनी आहे. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये वाचकांना आवाहन केले होते. वाचनात आलेला शब्द, ज्या वाक्यात तो आला ते संपूर्ण वाक्य आणि पुस्तकाचा तपशील चिठ्ठीवर लिहून पाठवावा, अशी त्यांची अपेक्षा होती. मराठीत य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे प्रभृतींच्या महाराष्ट्र शब्दकोशातही (१९३२-३८) अनेक नोंदींखाली ग्रंथांतील अवतरणे आढळतात. आता चिठ्ठ्यांच्या जोडीला संगणकावरील मजकुराचा प्रचंड साठा आला आहे. त्याला भाषासंग्रह म्हणतात. त्यात वृत्तपत्रे, कथा-कादंबऱ्या, सरकारी कागदपत्रे, भाषणे असा निरनिराळा मजकूर साठवलेला असतो.

अशा साठ्यात ‘मेगाब्लॉक’ किती वेळा येतो, हे पाहणे ही पहिली पायरी. मात्र नुसत्या संख्येला अर्थ नसतो, कारण साठे लहान-मोठे असतात. म्हणून दर दहा लाख शब्दांमागे किती वेळा, असे प्रमाण काढतात. समजा, एक कोटी शब्दांच्या साठ्यात हा शब्द चाळीस वेळा आला, तर प्रमाण दहा लाखांमागे चार एवढे होते. त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांचे किंवा वेगवेगळ्या साठ्यांचे आकडे शेजारी ठेवून तपासता येतात.

मोजणीतील खाचखळगे

मराठीत ही मोजणी वाटते तितकी सोपी नाही. शब्दाला विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून येतात. ‘मेगाब्लॉकचा’, ‘मेगाब्लॉकमुळे’, ‘मेगाब्लॉकच्या’ ही सर्व रूपे एकाच शब्दाची आहेत, हे संगणकाला शिकवावे लागते. कोणी ‘मेगा ब्लॉक’ असे तोडून लिहितो, कोणी मध्ये जोडरेघ देतो. त्यातही एक छुपी अडचण आहे. ‘ब्लॉ’मधील स्वरचिन्ह काही जण एकाच कळीने उमटवतात, तर काही जण आधी काना आणि मग अर्धचंद्र देतात. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते दोन भिन्न शब्द ठरतात. एखाद्या अगदी परिचित शब्दाची संख्या संशयास्पद वाटावी इतकी कमी भरली, तर जाणकार संपादक प्रथम ही रूपे तपासून पाहतो. युनिकोड सर्वत्र येण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे आपापले स्वतंत्र फॉण्ट वापरत असत. तो जुना मजकूर रूपांतर केल्याशिवाय शोधात सापडत नाही. परिणामी शब्द प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा नवा भासू शकतो.

आकडा मोठा, पुरावा लहान

दुसरी पायरी प्रसाराची. येथे ‘मेगाब्लॉक’ची खरी परीक्षा होते. रेल्वेचे प्रसिद्धिपत्रक चार दैनिकांनी जवळजवळ जसेच्या तसे छापले, तर संगणक चार नोंदी मोजतो. कोशकार मात्र तो एकच पुरावा धरतो, कारण चारही ठिकाणी लिहिणारा एकच आहे. त्याला परस्परांशी संबंध नसलेल्या लेखकांचे प्रयोग हवे असतात.

एखाद्या घटनेमुळे आलेली उसळीही अशीच फसवी असते. मे-जून २०२४ मध्ये ठाणे स्थानकातील फलाटाच्या कामासाठी ६३ तासांचा ब्लॉक घेण्यात आला. अशा दिवसांत शब्दाचा वापर एकाएकी वाढणार हे उघड आहे. उसळी ओसरल्यावरही तो वर्षानुवर्षे एका पातळीवर टिकून राहतो का, हे पाहावे लागते. ‘मेगाब्लॉक’ येथे उत्तीर्ण होतो, कारण रविवारची देखभाल नेमाने चालू राहते.

भौगोलिक प्रसार हा यातलाच वेगळा मुद्दा. मध्य रेल्वेवरील मुलुंडचा रहिवासी ज्याला मेगाब्लॉक म्हणतो, त्याला पश्चिम रेल्वेवरील अंधेरी-बोरिवलीकडे रेल्वेच्या घोषणेत ‘जम्बो ब्लॉक’ हे नाव असते. शब्द एका महानगरापुरता आहे, म्हणून तो कोशातून बाद होत नाही. नोंदीपुढे प्रदेशाचा आणि व्यवहारक्षेत्राचा निर्देश करून तो घेता येतो.

संपादकाला विशेष महत्त्वाची वाटते ती आणखी एक खूण. शब्द अवतरणचिन्हांत येतो का आणि लेखक त्याचा अर्थ कंसात समजावून देतो का? चिन्हे गळून पडली आणि स्पष्टीकरण थांबले, की वाचकाला शब्द ठाऊक आहे असे लेखकाने गृहीत धरलेले असते. पुढे रेल्वेशी संबंध नसलेल्या कामालाही कोणी तो लावू लागला, तर लाक्षणिक अर्थाची नोंद करावी का, असा नवा प्रश्न उभा राहतो. त्या अर्थासाठी पुरावा पुन्हा स्वतंत्रपणे गोळा करावा लागतो.

जे छापले जात नाही

या पद्धतीची मर्यादाही लोकलमध्येच दिसते. तीन जणांच्या बाकावर कडेला जेमतेम टेकून बसण्याच्या जागेला प्रवासी ‘चौथी सीट’ म्हणतात. हे शब्द रोज असंख्य तोंडी असतात, पण त्यांच्यासाठी प्रसिद्धिपत्रक निघत नाही. केवळ छापील मजकूर मोजणाऱ्या संपादकाला ‘मेगाब्लॉक’ वारंवार भेटेल, ‘चौथी सीट’ क्वचितच. म्हणजे कमी आकड्याचा अर्थ वापर कमी, असा नेहमीच होत नाही. ललित लेखन, नाटकांच्या संहिता, ध्वनिमुद्रित संभाषणे साठ्यात आली, तरच बोलीतील असे शब्द हाती लागतात.

ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशाच्या २०२० मधील दहाव्या आवृत्तीत भारतीय इंग्रजीतील २६ नवे शब्द घेण्यात आले. त्यांत ‘चाळ’ आणि ‘डब्बा’ हे मुंबईकरांच्या रोजच्या व्यवहारातील शब्द होते. त्यांचे आयुष्य त्या कोशाहून कितीतरी मोठे आहे. इंग्रजी लेखनातील त्यांच्या वापराची दखल मात्र तेव्हा घेतली गेली. कोशातील प्रवेशाचे वर्ष म्हणजे शब्दाच्या जन्माचे वर्ष नव्हे.

पुरावा पुरेसा भरला, की उरते ती नोंद लिहिणे. वापरावरून लिंग पुल्लिंगी ठरते, व्युत्पत्ती इंग्रजी. सामान्यरूप बहुधा होत नाही, म्हणून ‘मेगाब्लॉकमुळे’ असेच लिहितात. मग मसुदा साधारण असा तयार होतो :

मेगाब्लॉक – पु. (मुंबई व परिसर; रेल्वे) देखभाल-दुरुस्तीसाठी लोहमार्ग पूर्वसूचना देऊन काही तास वाहतुकीस बंद ठेवणे, विशेषतः रविवारी. [इं.]

एवढ्या मजकुरातील ‘विशेषतः रविवारी’ हे दोन शब्द ठेवण्यासाठीही संपादकाला आधी उदाहरणांच्या तारखा तपासाव्या लागतात.