गाजर आधी तापेल की रस्सा? ओहमिक हीटिंगच्या इतिहासातला एक प्रश्न

फूड इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षांत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत राहतो: द्रवात तरंगणाऱ्या तुकड्याची विद्युतवाहकता द्रवापेक्षा कमी असेल, तर ओहमिक हीटिंगमध्ये आधी कोण तापेल? आपण पटकन ‘द्रव’ लिहून मोकळे होतो. हे उत्तर कधी बरोबर असतं, कधी साफ चूक. असं का होतं, ते या तंत्राच्या इतिहासातून नीट कळतं.

सुरुवात दुधापासून झाली. अमेरिकेत १९२०-३० च्या दशकांत ‘इलेक्ट्रोप्युअर’ नावाची पद्धत वापरात होती. कार्बन इलेक्ट्रोडच्या मधून दूध वाहायचं, त्यातून वीज जायची आणि दुधाच्या स्वतःच्या रोधामुळे ते आतूनच तापायचं. सूत्र अगदी साधं: Q = σE². इथे σ म्हणजे विद्युतवाहकता आणि E म्हणजे विद्युतक्षेत्राची तीव्रता. दूध सगळीकडे जवळपास एकसारखं असल्यामुळे ‘कोण आधी’ हा प्रश्नच उद्भवला नाही. पुढे योग्य इलेक्ट्रोड आणि नियंत्रणाच्या अडचणींमुळे ही पद्धत मागे पडली.

मग १९४५ मध्ये रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर यांच्या लक्षात आलं की रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ खाण्याची वस्तू तापते. मायक्रोवेव्हचं सूत्र बघा: Q = 2πf ε₀ ε″ E². σ च्या जागी 2πf ε₀ ε″ आलं, एवढाच फरक. इथे असमान तापणं मात्र लगेच दिसलं. २४५० मेगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी सुमारे १२ सेंटीमीटर असते. भट्टीत स्थिर तरंग तयार होतात आणि गरम-थंड जागा साधारण ६ सेंटीमीटरवर पुन्हा येतात. म्हणून फिरती थाळी आली. पण दुसरी अडचण थाळीने सुटत नाही. शुद्ध बर्फाचा ε″ पाण्यापेक्षा हजारो पटींनी कमी असतो. गोठलेल्या पदार्थाचा एक कोपरा आधी वितळला की तोच जास्त ऊर्जा शोषतो, आणखी तापतो, आणि बाकीचा भाग गोठलेलाच राहतो. यालाच ‘थर्मल रनअवे’ म्हणतात.

१९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये केपनहर्स्टच्या संशोधन केंद्रात ओहमिक हीटिंग पुन्हा हाती घेतलं गेलं आणि एपीव्ही कंपनीने ते बाजारात आणलं. या वेळी हेतू वेगळा होता: तुकडे असलेलं सूप वाहत्या नळीतच निर्जंतुक करायचं. आता मात्र गाजर की रस्सा, हा प्रश्न टाळता येईना. १९८९ मध्ये डी अल्विस, हॅल्डेन आणि फ्रायर यांनी दाखवलं की वाहकतेइतकाच तुकड्याचा आकार आणि त्याची दिशाही महत्त्वाची असते.

आकडे घालून बघू. रस्सा १ S/m, गाजर ०.५ S/m, आणि दोघांची उष्णताधारकता सारखी समजा.

गाजराची लांब पट्टी एका इलेक्ट्रोडपासून दुसऱ्यापर्यंत पोचली असेल, तर दोघांवर E सारखंच. Q = σE², म्हणून गाजर रश्शाच्या निम्म्या वेगाने तापेल.

गाजराची चकती नळीत आडवी, पूर्ण रुंदी अडवून बसली असेल, तर दोघांतून जाणारी प्रवाहघनता J सारखीच. Q = J²/σ, म्हणून गाजर रश्शाच्या दुप्पट वेगाने तापेल!

भरपूर रश्शात एकटा गोल तुकडा असेल, तर प्रवाह त्याला वळसा घालून जातो. आतलं क्षेत्र 3σ_l/(2σ_l+σ_p), म्हणजे १.२ पट होतं आणि तापण्याचा वेग ०.५ × १.४४ = ०.७२ पट. तुकडा मागेच राहतो. पण तुकड्यांची गर्दी वाढली की वळसा घालायला वाटच उरत नाही, प्रवाह तुकड्यांतूनच जातो आणि तुकडे रश्शाच्या पुढेही जाऊ शकतात.

यात आणखी एक मेख आहे. तापमान वाढलं की σ वाढतो. समांतर मांडणीत जो पुढे आहे तो आणखी पुढे पळतो, म्हणजे मायक्रोवेव्हसारखाच रनअवे. एकसर मांडणीत उलट घडतं: तापलेल्याचा σ वाढला की J²/σ कमी होतो आणि फरक आपोआप आवरला जातो.

हा फरक नुसता गुणांचा नाही. नळीच्या तोंडाशी लावलेला थर्मोकपल मुख्यतः रश्शाचं तापमान सांगतो. मागे राहिलेल्या तुकड्याच्या मध्यभागी क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू वाचू शकतात, आणि डबा मात्र ‘निर्जंतुक’ म्हणून बाहेर पडतो. म्हणून अल्जिनेटच्या तुकड्यांत निरुपद्रवी जिवाणूंचे बीजाणू भरून ते नळीतून सोडतात आणि शेवटी किती जिवंत उरले ते मोजतात.

तेव्हा असा प्रश्न आला, की आधी σ ची तुलना करू नका. प्रवाहाला वळसा घालायला वाट आहे का, ते बघा. प्रश्नात तुकड्याची दिशा किंवा प्रमाण दिलेलं असेल, तर ते उगाच दिलेलं नसतं.