न्यायाची तीन मापे

चाकण म्हटले की माझ्या पिढीच्या माणसाला आधी संग्रामदुर्ग आठवतो, मग कांद्याचा बाजार, आणि मोटारींचे कारखाने त्यानंतर. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पुढे भोसरी, आकुर्डीपासून चाकणपर्यंत चिमण्या व छपरे उगवत गेली. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. तेव्हापासून ह्या पट्ट्यात दरवर्षी एकच प्रश्न नव्याने उभा राहतो : दारात शंभर मुले आहेत, आत कोणाला घ्यायचे?

अन्याय उघडा असला की ओळखायला सोपा असतो. १९७४ साली बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, ह्यांनी टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे वाचले आणि थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. मुलाखतीचे बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. ती हकीकत आता सर्वांना ठाऊक आहे. परंतु दार सर्वांना उघडे आहे, परीक्षा सर्वांना एकच आहे, आणि तरीही न्याय झाला की नाही ह्यावर दोन सज्जन माणसे भांडत आहेत, असे असेल तर?

असे भांडण मी पाहिले आहे. भोसरीच्या एका कारखान्यात मी उमेदवारांना गणित शिकवीत असे. निवडीच्या दिवशी आमचे फोरमन म्हणाले, “मास्तर, पास झालेला पोरगा कामाला किती भरवशाचा, एवढंच सांगा. तो कुठल्या गावचा, हे मी विचारत नाही.” टेबलाच्या दुसऱ्या टोकाचे कल्याण-कारकून उसळून म्हणाले, “साहेब, आमच्याकडची काम येणारी पोरंच बाहेर राहतात, त्याचं काय?” ह्यांपैकी कोणीतरी चुकत असले पाहिजे, असे मला त्या दिवशी वाटले. ते दोघेही बरोबर होते हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

वाचकहो, थोडा हिशेब करू या. दिवाळीच्या फराळाच्या यादीहून तो कठीण नाही. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, शहरातले शंभर आणि दूरच्या खेड्यांतले शंभर उमेदवार परीक्षेला बसले. परीक्षा त्यांचे दोन गट पाडते : वरचा आणि खालचा. वरच्या गटातल्या दर दहांपैकी आठ जण पुढे चांगले कारागीर होतात. खालच्या गटातल्या दहांपैकी दोनच. हे प्रमाण शहराला आणि खेड्याला अगदी सारखे आहे. म्हणजे गुणपत्रिकेचा अर्थ गावावरून बदलत नाही. फोरमनचा न्याय तो हाच.

आता शहरातले ६० वरच्या गटात आले आणि ४० खालच्या. ६० पैकी ४८ कामाचे, ४० पैकी ८ कामाचे, एकूण ५६. खेड्यातले मात्र २० च वरच्या गटात आले आणि ८० खालच्या. २० पैकी १६ कामाचे, ८० पैकी १६ कामाचे, एकूण ३२. आपण फक्त वरचा गट घेतला. मग शहरातल्या ५६ कामाच्या मुलांपैकी ८ बाहेर राहिली, म्हणजे सातांतले एक. खेड्यातल्या ३२ पैकी १६ बाहेर राहिली, म्हणजे दोनांतले एक! परीक्षेने कोणाशीही दुजाभाव केला नाही. तरी खेड्यातल्या हुशार मुलाच्या वाट्याला नकार साडेतीनपट आला. कारकुनांचा न्याय तो हा.

मग हे दुरुस्त का करू नये? करून पाहू. खालच्या गटातल्या ८० खेडुत मुलांतून चिठ्ठ्या टाकून ५६ घेतली, तर त्यांत सुमारे ११ कामाची निघतील आणि बाहेर राहणारी हुशार मुले जवळजवळ शहराइतकीच उरतील. पण आता खेड्यातून घेतलेल्या ७६ पैकी कामाची २७ च. म्हणजे तिघांत एकाहून किंचित अधिक. शहरातल्या मुलाचा भरवसा दहांत आठ, खेड्यातल्याचा दहांत चारसुद्धा नाही. पुढच्या वर्षी हाच फोरमन खेड्याचे नाव पाहून नाक मुरडील, आणि त्याला दोष देता येणार नाही. तिसरा कोणी म्हणेल, दोन्हीकडून सारखीच, साठ-साठ घ्या. तर खेड्यातून आणखी ४० घ्यावी लागतील, त्यांत ८ कामाची. मग भरवसा दहांत चारावर येतो, आणि चार हुशार मुलांतले एक तरीही बाहेर राहते. तिन्ही मापे एका वेळी भरत नाहीत.

हा वाद अमेरिकेत जुना आहे. तेथे १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाल्यावर परीक्षांवर बोट ठेवले जाऊ लागले. १९६८ साली ॲन क्लिअरी ह्यांनी व्याख्या दिली : त्याच गुणांचा पुढे तोच अर्थ निघाला, तर परीक्षा न्याय्य. १९७१ साली रॉबर्ट थॉर्नडाइक म्हणाले, नव्हे. दोन्ही समाजांतून ज्या प्रमाणात यशस्वी होऊ शकणारे आहेत, त्याच प्रमाणात निवड व्हावी. आपल्या उदाहरणात शहरातले ६० घेतले, तर त्यांच्या मापाने खेड्यातून २० नव्हे, सुमारे ३४ हवेत. त्याच वर्षी रिचर्ड डार्लिंग्टन ह्यांनी दाखवले की, ह्या व्याख्या एकमेकींशी जुळत नाहीत. नंतर हा विषय मागे पडला.

तो पुन्हा उसळला २०१६ साली. फ्लोरिडातील ब्रॉवर्ड परगण्यात, आरोपी पुन्हा गुन्हा करील काय ह्याचे गुण संगणकाचा ‘कॉम्पास’ नावाचा कार्यक्रम देत असे. प्रोपब्लिका ह्या वृत्तसंस्थेने दाखवले की, पुढे गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्क्यांवर धोक्याचा शिक्का बसला होता. गौरवर्णीयांत तो सुमारे २३ टक्क्यांवर. कंपनीचे उत्तर होते की, शिक्का बसलेल्यांपैकी खरोखर गुन्हा करणारे दोन्हीकडे जवळपास सारखेच आहेत. पुन्हा तोच कारकून आणि तोच फोरमन! लवकरच एकीकडे जॉन क्लाइनबर्ग, तमिळनाडूत जन्मलेले सेंथिल मुल्लैनाथन व मनीष राघवन, आणि दुसरीकडे अलेक्झांड्रा चूल्डेकोव्हा ह्यांनी गणिताने सिद्ध केले की, गुणांचा सारखा अर्थ आणि दोन्ही बाजूंना सारख्या चुका ह्या गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. अपवाद दोनच : परीक्षा कधीच चुकत नसेल, किंवा दोन्ही समाजांत मुळातच यशाचे प्रमाण सारखे असेल.

कारण आपल्या हिशेबातच आहे. खेड्यातली १६ हुशार मुले कोणी मुद्दाम बाहेर ठेवली नाहीत. ती ८० जणांच्या गर्दीत दहांमागे दोन अशी विखुरली होती, आणि गर्दीच मोठी होती. संगणक कितीही वेगाने चालला तरी हे गणित तो मोडू शकत नाही. कोणाची चूक कोणी सोसायची, हे माणसालाच ठरवावे लागते. शिवाय प्रत्यक्षात आणखी एक अडचण असते. नाकारलेला मुलगा पुढे कारागीर झाला असता की नाही, हे कारखान्याला कधी दिसतच नाही. आणि जो ‘यशस्वी’ ठरतो, तो फोरमनच्या शेऱ्याने ठरतो. तो शेराच वाकडा असेल, तर ५६ आणि ३२ हे आकडेही वाकडेच.

आज त्या टेबलाशी मला पुन्हा बसवले, तर मी कोणाची बाजू घेणार नाही. फळ्यावर तिन्ही आकडे लिहीन आणि विचारीन, ह्यांतला कोणता तोटा आपण पत्करायचा? आणि मग चौथी गोष्ट सांगेन. खेड्यातले ३२ हे ब्रह्मलिखित नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाने दोन वर्षांत चालू लेथ एकदाही पाहिला नव्हता. त्याच्या कार्यशाळेतला लेथ पट्ट्यावाचून बंद होता. ती यंत्रे चालू झाली आणि ३२ चे ५६ झाले, तर तीच परीक्षा दोन्हीकडे साठ-साठ मुले वर काढू शकेल, आणि फोरमन, कारकून व थॉर्नडाइकसाहेब एकाच यादीवर सही करतील. सिद्धांताचा दुसरा अपवाद म्हणतात तो हाच.