स्मरणिकेचं साल कसं काढाल?

समजा, मुंबईतल्या एका संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका तुम्हाला मिळाली, पण सालाचं पान फाटलंय. मग जाहिराती वाचा. सहा अंकी पिनकोड दिसला, तर अंक 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. आता बहुतेक लँडलाईन क्रमांक 022 सोडून सात अंकी आहेत, एकच आठ अंकी. कोणता धरायचा? आठ अंकी. ते मुंबईत 2002 मध्ये आले.

बाकीचे जुने का? छपाईची तारीख ठरलेली. लेख, शुभेच्छा गोळा होत असताना जाहिरातदार घाईत जुनाच मजकूर देतो. म्हणून सर्वांत नवी खूण महत्त्वाची. पण ती फक्त ‘याआधीचा नाही’ एवढंच सांगते. म्हणजे संस्था 1952 किंवा त्यानंतरची. नेमकं साल नोंदणीच्या कागदांवरून ताडून बघा.