प्रस्तावना : खूण करावी कुठे, बोलावे कुठे

वसमतच्या महाविद्यालयात इंग्रजी घेऊन शिकणाऱ्याने शाळेत लघु-गुरू मोजलेले असतात. शार्दूलविक्रीडितात 19 अक्षरांपैकी एक जरी चुकले तरी वृत्तभंग, हे त्याला पक्के ठाऊक असते. आयम्बिक पेंटामीटरकडे वळल्यावर हीच शिस्त आडवी येते. इथे मोजायचा तो आघात, आणि नमुन्यातून ढळणे हा इथे दोष नसतो. मग तो प्रत्येक ढळलेल्या जागेला नाव देतो आणि निबंध झाला असे समजतो. हे पुस्तक त्याच्यासाठी आहे.

एक साधी ओळ मीच रचतो : ‘द फार्मर वेट्स अँड काउंट्स द क्लाउड्स ॲट नून’. उच्चाराचे 10 अवयव, त्यांच्या 5 जोड्या, प्रत्येक जोडीत दुसऱ्यावर आघात : फार्, वेट्स, काउंट्स, क्लाउड्स, नून. आपल्या हिशेबाने ‘अँड’ही गुरूच ठरेल, पण इंग्रजी बोलण्यात तो निसटता जातो. म्हणून आधी शब्दकोशातला आघात पाहावा, मग ओळ गद्यासारखी मोठ्याने वाचावी, आणि नमुना शेवटी लावावा. तो आधी लावला, की कानाला तोच ऐकू येऊ लागतो.

आता ‘रेन ऑन द रूफ, अँड देन द फील्ड्स अवेक’. पहिली जोडी उलटली. तिला ट्रोकी म्हणतात. पाऊस अचानक आला म्हणून आघातही आधी आला, असे लिहायचा मोह होतो. तो आवरावा. ओळीच्या आरंभी किंवा विरामानंतर अशी उलट शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्याकडे सर्रास आढळते, आणि जिथे अचानक काहीच घडत नाही तिथेही आढळते. इथे खूण पुरे.

‘द फार्मर वेट्स अँड काउंट्स द क्लाउड्स, एम्प्टी’ या ओळीची गोष्ट वेगळी. इथे पाचवी जोडी उलटली आहे, आणि त्या जागी उलट फार विरळ. दहाव्या अवयवावर आघात येणार म्हणून कान थांबलेला असतो. तिथे ‘टी’ हा हलका अवयव येतो. ढग मोजून हाती काही लागत नाही, आणि ओळीलाही शेवटचा आधार मिळत नाही. यावर दोन वाक्ये जरूर लिहावीत.

पण लिहिण्याआधी कवितेच्या बाकीच्या ओळी तपासाव्यात. अकरावा हलका अवयव जोडून संपणारी ओळ इंग्रजीत नेहमीची आहे. तिची गल्लत या ओळीशी होऊ नये. कवी प्रत्येक कडव्याचा शेवट असाच करत असेल, तर एका ओळीवर न थांबता त्या पुनरावृत्तीवर लिहावे. शिवाय ऑटो येस्पर्सन यांनी 1900 मध्ये मांडलेले ध्यानात ठेवावे : आघाताच्या पायऱ्या दोनच नसतात, आणि महत्त्व असते ते शेजारच्या अवयवाच्या तुलनेत. असे पाहिले, की वहीत ‘पायरिक’ आणि ‘स्पाँडी’ म्हणून नोंदवलेल्या कितीतरी जोड्या साध्या आयम्बिकच निघतात.