लेव्हल ट्यूब

घरातील सर्व खोल्यांच्या भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा करण्याचे, पाणी भरलेल्या पारदर्शक प्लॅस्टिक नळीचे साधन. दोन्ही तोंडे हवेस मोकळी असलेल्या सलग नळीतील पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर स्थिरावते, या तत्त्वावर ते आधारलेले असल्यामुळे मधली नळी दारातून, बोळातून वा कोपऱ्याभोवती कशीही वळून गेली तरी बिघडत नाही. ज्या दोन भिंती परस्परांच्या दृष्टीआड आहेत, त्यांच्या कामी गवंडी दोरीपेक्षा या नळीवर अधिक विसंबतो, ते यामुळेच.

सुमारे 10 मिमी. व्यासाची नळी उंचावरील बादलीतून पाणी ओढून सावकाश भरावी. उभ्या भागात नळीची पोकळी व्यापणारा बुडबुडा राहिल्यास त्या बाजूचे पाणी त्याच्या लांबीइतके वर चढलेले दिसते. उन्हाची कसूरही उपेक्षणीय नाही : एका बाजूचा मीटरभर उभा स्तंभ 40° से. व दुसरीकडचा 20° से. असेल, तर सुमारे 6 मिमी.चा फरक पडतो. म्हणून आरंभी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी जुळते की नाही, हे पाहून घ्यावे.

मुख्य दाराजवळ, योजलेल्या फरशीपासून 1 मीटर उंचीवर मूळ खूण मुकरर करतात. एक जण तेथे टोक धरतो. दुसरा, सांडू नये म्हणून तोंडावर अंगठा दाबून, दुसरे टोक खोलीत नेतो व तेथे अंगठा काढून टोक हळूहळू वरखाली करतो. मूळ खुणेशी पाणी आले, की पहिला ‘आलं!’ अशी हाक देतो आणि दुसरा आपल्याकडील पाण्याच्या वक्र पृष्ठभागाच्या तळाशी रेघ मारतो. नळीवरच खूण करून तिच्यावर भिस्त ठेवणे व्यर्थ, कारण टोक हलताच पाणी नळीत सरकते. प्रत्येक खोलीची खूण मूळ खुणेवरूनच घ्यावी. एकीवरून दुसरी घेत गेल्यास चुका साठत जातात.

पुढे प्रत्येक खोलीत रेघेपासून स्लॅबपर्यंतचे अंतर अनेक ठिकाणी मोजून सर्वांत कमी भरेल ते धरतात. समजा, ते दिवाणखान्यात 107, स्वयंपाकघरात 108.5 व निजण्याच्या खोलीत 105 सेंमी. भरले आणि फरशी व खालचा माल मिळून किमान 6 सेंमी. जाडी हवी आहे. रेघेखाली 100 सेंमी.वर फरशी धरल्यास निजण्याच्या खोलीत 5 सेंमी.च जागा उरते. तेव्हा सर्व घराची फरशी 1 सेंमी. उचलून रेघेखाली 99 सेंमी.वर आणावी, मग या ठिकाणी अनुक्रमे 8, 9.5 व 6 सेंमी. भरणी येते. परंतु मुख्य दाराची फळी तेवढ्या उंचीवर मोकळी फिरते की नाही, हे फरशीचा पहिला तुकडा बसण्यापूर्वीच पाहिले पाहिजे. नंतर ती तासण्याचा प्रसंग वारंवार येतो.

न्हाणीघरात या रेघेवरून केवळ उंबऱ्याची पातळी घ्यावी. आतील जमीन तिच्याखाली ठेवून जाळीकडे दर मीटरला सुमारे 1 सेंमी. उतार निराळा काढावा लागतो.